तीन ‘सी’ डहाणूत आणल्यावर काय होतं?

‘स्थानिक व्यवसाय आणि ब्रँडिंग’ या विषयाच्या आसपास पीएच.डी. करायचं तुमच्या मनात असेल, तर हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या रायन राफाएली यांचा पुस्तकांच्या दुकानांवरचा वर्किंग पेपर तुमच्यापर्यंत आज ना उद्या पोचणारच. कोणी मित्र पाठवेल, नाहीतर गाईडच म्हणतील, ‘हे वाचून या.’ पेपर २०२० चा आहे. ॲमेझॉन आल्यावर अमेरिकेतली छोटी, स्वतंत्र पुस्तकांची दुकानं संपणार असं सगळे म्हणत होते, आणि सुरुवातीला तसं झालंही. १९९५ ते २००० या पाच वर्षांत त्यांची संख्या ४३ टक्क्यांनी घटली. पण पुढे आकडा उलटा फिरला. अमेरिकन बुकसेलर्स असोसिएशनच्या नोंदीप्रमाणे २००९ मध्ये अशी १,६५१ दुकानं होती, २०१८ मध्ये ती २,४७० झाली. म्हणजे जवळजवळ दीडपट.

हे कसं झालं, याचं राफाएली यांचं उत्तर तीन शब्दांत आहे आणि इंग्रजीत तिन्ही ‘सी’ने सुरू होतात. कम्युनिटी, क्युरेशन, कन्व्हीनिंग. दुकानाने आपण ‘इथले’ आहोत ही ओळख घट्ट केली. पुस्तकं ढिगाने न ठेवता निवडून ठेवली. आणि व्याख्यानं, मुलांचे गोष्टींचे तास, वाचकगट असं काही ना काही करून लोकांना दुकानात जमवलं. स्वस्त विकण्यात ऑनलाइनशी स्पर्धा करता येत नाही, म्हणून त्यांनी ती केलीच नाही.

पेपर वाचायला छान आहे आणि तिथेच धोका आहे. मी माझ्या सिनॉप्सिसचा पहिला खर्डा याच तीन शब्दांवर रचला होता. डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके घेतले, ‘पालघर जिल्ह्यातील स्थानिक ग्रंथदालनासाठी ब्रँड प्रारूप’ असं भारदस्त शीर्षक दिलं आणि तीन ‘सी’ तीन प्रकरणांत वाटून टाकले. गाईडनी कागद परत दिला तेव्हा समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: ‘कोणाची कम्युनिटी?’ मला तेव्हा राग आला होता. त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना हा पेपर मी दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा वाचला आणि काय दिसलं ते इथे सांगतो. तुमचा एखादा खर्डा वाचला तर बरंच.

पहिली अडचण आकड्यातच आहे. १,६५१ चे २,४७० झाले, यावरून तीन ‘सी’मुळे झाले असं निघत नाही. त्याच काळात, २०११ मध्ये, ‘बॉर्डर्स’ ही अमेरिकेतली अवाढव्य पुस्तक साखळी दिवाळखोरीत गेली आणि तिची उरलेली शेकडो दुकानं बंद झाली. ज्या गावात मोठं दुकान बंद पडलं, तिथे छोट्याला जागा मिळाली असणार. आता हे ‘निवडीमुळे’ की ‘बॉर्डर्स गेल्यामुळे’? एकूण दुकानांचा वर्षवार तक्ता याचं उत्तर देऊ शकत नाही. त्यासाठी बॉर्डर्स असलेली आणि नसलेली गावं वेगळी काढून पाहावी लागतील. शिवाय हा आकडा संघटनेच्या सभासदांचा आहे, देशातल्या सगळ्या दुकानांच्या शिरगणतीचा नाही.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. आज उभ्या असलेल्या दुकानांकडे जाऊन ‘तुम्ही कसे टिकलात?’ असं विचारलं की ते सांगणारच, की आम्ही पुस्तकं निवडून ठेवतो, लोकांशी आमचं नातं आहे. पण जी बंद पडली त्यांनी काय वेगळं केलं होतं? त्यांचं नातं नव्हतं? याला मेथडॉलॉजीच्या पुस्तकात सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. आपल्याकडे याची सगळ्यात बोलकी केस डहाणू लोकलच्या दुसऱ्या टोकाला, चर्चगेटपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. ‘स्ट्रँड बुक स्टॉल’.

टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात एका छोट्या स्टॉलपासून सुरुवात केली आणि पुढे दुकान फोर्टमध्ये आलं. तिथे निवड होती, आणि चांगलीच होती. जमवणं होतं, दरवर्षी सुंदराबाई हॉलमध्ये भरणारं त्यांचं पुस्तक प्रदर्शन मुंबईकरांच्या दोन पिढ्यांना आठवतं. ओळख तर एवढी, की शानभागांना २००३ मध्ये पद्मश्री मिळाली, पुस्तकविक्रेत्याला. म्हणजे तिन्ही ‘सी’ हजर, कोणत्याही अमेरिकन दुकानाने हेवा करावा असे. आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये दुकान बंद झालं. राफाएलींचा चढता आलेख जिथे संपतो, त्याच वर्षी.

मग सूत्र चुकीचं का? इतक्या लवकर तिकडे जाऊ नका. स्ट्रँडच्या ओळखीत एक चौथी गोष्ट मिसळलेली होती, सवलत. पुस्तक छापील किमतीपेक्षा स्वस्त मिळतं म्हणूनही लोक तिथे जात. ऑक्टोबर २००७ मध्ये फ्लिपकार्ट सुरू झालं ते पुस्तकं विकतच, आणि जून २०१३ मध्ये ॲमेझॉन भारतात आलं. माझं वाचन असं आहे, की त्यानंतर स्ट्रँडच्या ब्रँडचा सवलतीवर उभा असलेला अर्धा भाग दुसऱ्याने जास्त स्वस्तात विकायला काढला. उरलेला अर्धा, म्हणजे निवड, तो शाबूत होता. पण एकट्या निवडीच्या बळावर भाडं निघत नाही. ते का निघत नाही, हे समजून घ्यायला हवं, कारण या विषयाची खरी कळ तिथे आहे.

निवडीला गळती लागते.

तुम्ही दुकानात जाता. दुकानदार बाई तुम्हाला ओळखतात. ‘तुम्हाला ते आवडलं होतं ना, मग हे घ्या’ म्हणून एक पुस्तक हातात देतात. तुम्ही चाळता, पटतं, मुखपृष्ठाचा फोटो काढता आणि घरी येऊन ऑनलाइन मागवता. साठ रुपये वाचले. त्या बाईंनी वर्षानुवर्षं वाचून कमावलेली नजर तुम्ही वापरली आणि पैसे तिसऱ्यालाच दिले. हे काही इंटरनेटनंतरचं दुखणं नाही. लेस्टर टेल्सर या अर्थतज्ज्ञाने १९६० मध्येच मांडलं होतं, की दुकानदार गिऱ्हाइकाला माहिती, सल्ला, प्रात्यक्षिक देतो तेव्हा त्याचा खर्च एकाचा आणि शेजारच्या स्वस्त दुकानाचा फायदा, असं होतं, आणि म्हणूनच उत्पादकांना किमान किंमत ठरवून द्यावीशी वाटते. फ्रान्सने पुस्तकांसाठी हे कायद्यानेच केलं. १९८१ च्या कायद्यानुसार तिथे नव्या पुस्तकावर पाच टक्क्यांहून जास्त सवलत देता येत नाही. तिथे गळती आपोआप कमी होते, कारण घरी जाऊन मागवलं तरी फारसं काही वाचत नाही. आपल्याकडे पुस्तकावर छापलेली किंमत ही वरची मर्यादा, खाली कितीही जा.

अमेरिकेतही असा कायदा नाही. मग तिथली दुकानं गळती असूनही का टिकली? राफाएली यांचं उत्तर इथे खरंच उपयोगी पडतं, फक्त ते स्वतः ते या शब्दांत मांडत नाहीत. निवड गिऱ्हाइकाला आत आणते, आणि ‘हे आपल्या गावचं दुकान आहे, इथे पूर्ण किंमत मोजायची’ ही भावना गळती बुजवते. म्हणजे तीन ‘सी’ एका ओळीत मांडायचे तीन समान मुद्दे नव्हेतच. त्यातला एक भोक पाडतो आणि दुसरा ते बुजवतो. सिनॉप्सिसमध्ये त्यांना तीन स्वतंत्र व्हेरिएबल म्हणून लिहिलंत, तर प्रश्नावली भरून येईल, रिग्रेशनही निघेल आणि नेमकं जे कळायला हवं ते निसटेल.

आता या चौकटीत पाहिलं की मराठीतलं एक जुनं उदाहरण वेगळंच दिसायला लागतं. १९७४ मध्ये सुरू झालेली ‘ग्रंथाली’. दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी तिला प्रकाशनसंस्था न म्हणता वाचक चळवळ म्हटलं. सभासदांकडून आधी पैसे, मग पुस्तक, तेही स्वस्तात. पुस्तकं घेऊन गावोगाव ग्रंथयात्रा. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये, लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ १९८० मध्ये, दोन्ही ग्रंथालीची. इथे क्रम बघा. राफाएलींच्या दुकानात निवड आधी आणि तिच्याभोवती समुदाय. ग्रंथालीत समुदाय आधी जमला, त्याने पैसे आधी भरले आणि त्या भरवशावर धाडसी निवड करता आली. पैसे आधीच दिलेल्या माणसाला फोटो काढून दुसरीकडे जायचं कारणच उरत नाही, गळती सुरू व्हायच्या आधी बंद. अर्थात ग्रंथाली हे दुकान नव्हतं, तिला रोज शटर उघडायचं नव्हतं. पण ‘ब्रँड’ म्हणजे लोगो आणि पिशवी एवढंच वाटत असेल, तर हे उदाहरण हाताशी ठेवा.

आता डहाणूला या. मी आणि माझा खर्डा जिथे आपटलो ती ही जागा.

‘शेजारचं दुकान’ म्हणताना अमेरिकन पेपरच्या डोक्यात एक रस्ता असतो. दोन्ही बाजूंना दुकानं, मागे घरं, चालत येणारे लोक. डहाणू रोड स्टेशनच्या बाहेर असा बाजार आहे. एप्रिल २०१३ पासून लोकल इथपर्यंत येते, त्यामुळे नोकरदार, शिक्षक, विद्यार्थी यांची ये-जा वाढली. पण तीच लोकल गळतीचा आणखी एक नळ आहे. रोज मुंबईकडे जाणारा माणूस दादरला उतरून पुस्तक घेऊ शकतो. तलासरीत उलटं. तालुक्याचं ठिकाण महामार्गावर आहे, रेल्वे नाही. जवळची उंबरगाव आणि संजाण ही स्टेशनं गुजरातमध्ये. पाडे विखुरलेले. तिथे ‘शेजार’ म्हणजे रस्ता नव्हे, आठवडी बाजार. आठवड्यातून एकदा माणसं एका जागी येतात. डहाणू तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे चार लाख, तलासरीची दीड लाख, आणि दोन्हीकडे बहुसंख्य आदिवासी. एक शटर उघडून या साडेपाच लाखांचं ‘शेजारचं दुकान’ होता येत नाही.

कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हाच प्रश्न शिक्षणात सोडवला होता. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली, तिचं नावच कुरणशाळा. इथे पुस्तकविक्रीचा अभ्यास करणाऱ्याने आधी ते वाचावं, मग हार्वर्ड.

आणि आता पेन्सिलीचा तो प्रश्न, कोणाची कम्युनिटी? माझ्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, की दुकानाची ओळख ‘स्थानिक संस्कृतीवर आधारित’ असावी आणि पाटीवर, पिशवीवर वारली चित्रं असावीत. तेव्हा मला ते सुचल्याचा अभिमान वाटला होता. थोडं थांबून विचार करा. वारली चित्रकला जगभर पोचवणारे जिव्या सोमा मशे डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. या चित्रांना भौगोलिक मानांकनही आहे. समजा आपल्या दुकानात येणारे बहुतेक लोक व्यापारी, वाडीवाले, सरकारी नोकर, शिक्षक, आणि भिंतीवर चित्र मात्र वारल्यांचं. मग ती ओळख कोणाची? ज्यांची ओळख वापरली ते गिऱ्हाईक नाहीत, आणि जे गिऱ्हाईक आहेत त्यांना त्या चित्रामुळे पूर्ण किंमत द्यावीशी वाटायचं कारण नाही. गळती बुजवायच्या कामाची ती ओळखच नाही. ती सजावट आहे. हॉटेलवाले आधीच ती वापरतात.

ओळख शेल्फवर दिसू शकते का? हो, आणि तिथे या दोन तालुक्यांकडे असं काही आहे जे फार थोड्या तालुक्यांकडे असेल. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ याच भागातल्या वारल्यांच्या १९४५ पासूनच्या लढ्याचं पुस्तक. १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला, आणि तलासरीतल्या कॉलेजला त्यांचं नाव आहे. अनुताईंचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ आहे. वारली समाज, भाषा, लग्नविधी यांवरचं लेखन आहे. तलासरीच्या कॉलेजमधल्या मुलीला तिच्या आजोबांच्या गावाची गोष्ट पुस्तकात सापडते आणि ते पुस्तक तालुक्यातच मिळतं, यात ‘आपलं दुकान’ म्हणण्यासारखं काहीतरी आहे. पिशवीवरच्या चित्रात ते नाही.

पण भावुक होऊ नका, हिशोब करा. मी तो पहिल्या खर्ड्यात केलाच नव्हता. खालचे आकडे माझे गृहीत आहेत, तुम्ही तुमच्या भागातल्या विक्रेत्याला विचारून बदला, पद्धत तीच राहील.

पुस्तकाची किंमत ३०० रुपये धरा. दुकानदाराला पुस्तकं दोन प्रकारे मिळतात. एक, न खपल्यास परत करायच्या बोलीवर, त्यात कमिशन कमी, समजा ३० टक्के. दुसरा, रोखीने, परत न घेण्याच्या अटीवर, त्यात जास्त, समजा ४० टक्के. पहिल्या प्रकारात पुस्तकामागे ९० रुपये सुटतात. भाडं, वीज, एक मदतनीस मिळून महिन्याचा खर्च २४,००० धरला, तर महिन्याला २६७ पुस्तकं विकायला हवीत, २६ दिवस दुकान उघडं असेल तर रोज दहा. दुकानदाराने दहा टक्के सवलत दिली की पुस्तकामागे ६० उरतात आणि गरज ४०० पुस्तकांवर जाते. ऑनलाइनच्या बरोबरीने वीस टक्के दिली तर ३० उरतात, म्हणजे ८०० पुस्तकं, रोज तीस. सवलतीच्या स्पर्धेत छोटं दुकान का उतरत नाही हे आता सांगावं लागू नये.

आता रोखीची खरेदी. शंभर पुस्तकं घेतली, १८,००० दिले. सगळी खपली तर १२,००० सुटतात, परतीच्या बोलीवर ९,००० सुटले असते. पण पंचाहत्तरच खपली तर? हातात आले २२,५००, सुटले ४,५००, आणि पंचवीस पुस्तकं गळ्यात. परतीच्या बोलीवर त्याच पंचाहत्तरांत ६,७५० सुटले असते. दोन्ही बाजू कुठे बरोबरीत येतात ते काढलं तर आकडा ८६ च्या जवळ येतो. म्हणजे शंभरातली ८६ पुस्तकं खपतील एवढी ज्याची नजर अचूक, त्यालाच निवडीचे पैसे मिळतात. त्याच्या खाली, ‘आम्ही निवडून ठेवतो’ हे वाक्य महाग पडतं. (परतीच्या वाहतुकीचा खर्च मी सोडून दिलाय, तो धरला तर ८६ थोडा खाली येईल. डहाणूहून पुण्याला पेटी परत पाठवून बघा, किती ते कळेल.)

मला वाटतं, क्युरेशन हा शब्द संशोधनात वापरायचाच असेल तर तो असा वापरावा. निवडलेल्या मालापैकी ठरावीक मुदतीत, समजा सहा महिन्यांत, किती खपला. इंग्लंडमधल्या वॉटरस्टोन्स साखळीची सूत्रं २०११ मध्ये जेम्स डॉन्ट यांच्याकडे आली तेव्हा त्यांनी प्रकाशकांकडून पैसे घेऊन पुस्तकं दर्शनी मांडणं बंद केलं आणि निवड स्थानिक व्यवस्थापकांवर सोपवली. तिथे फरक दिसला तो प्रकाशकांकडे परत जाणाऱ्या पुस्तकांत, ती खूप कमी झाली. निवडीची खूण गोदामात सापडते. ‘या दुकानातील पुस्तकांची निवड तुम्हाला कितपत आवडते, एक ते पाच’ यात सापडत नाही.

प्रश्नावलीचं निघालंच म्हणून सांगतो. सुरुवातीला मी लोकांना विचारत फिरलो, ‘डहाणूत चांगलं पुस्तकांचं दुकान निघालं तर तुम्ही तिथून घ्याल का?’ ज्याला विचारलं तो हो म्हणाला. एकाने तर चहा पाजला. काही दिवसांनी प्रश्न बदलला. ‘अभ्यासाचं सोडून शेवटचं पुस्तक कधी घेतलंत, कुठून, कितीला?’ आता बरेच जण आठवायला लागले, काही हसले, एक शिक्षिका म्हणाल्या, ‘अहो, बदलीच्या आधी कधीतरी.’ पहिल्या प्रश्नाने मला बाजारपेठ दाखवली होती, दुसऱ्याने ती काढून घेतली. चांगलं वाटावं म्हणून दिलेलं उत्तर आणि खिशातून गेलेले पैसे यांच्यात एवढं अंतर असतं. ‘वाचनसंस्कृती’सारख्या विषयात तर जास्तच, कारण मी वाचत नाही असं कोण सांगेल?

मग नीट प्रश्न कसा मांडायचा? माझ्या आताच्या खर्ड्यात तो असा आहे. दुकानात दोन प्रकारची पुस्तकं वेगळी नोंदवायची. एक, जी ऑनलाइन सहज आणि स्वस्त मिळतात. दोन, जी शोधूनही सहज मिळत नाहीत, म्हणजे छोट्या प्रकाशनांची, स्थानिक विषयांवरची, संस्थांनी काढलेली. दुकानाने शिफारस केलेल्या प्रत्येक पुस्तकापुढे तीनपैकी एक खूण करायची. इथेच घेतलं, फोटो काढून गेले, नुसतेच गेले. फक्त दुसऱ्या प्रकारची पुस्तकं खपत असतील, तर तिथे ब्रँड नाही, फक्त उपलब्धता आहे. उद्या तीच पुस्तकं ऑनलाइन आली की दुकान संपलं. पण पहिल्या प्रकारची पुस्तकंही, घरबसल्या स्वस्त मिळत असताना, लोक पूर्ण किमतीला इथून घेत असतील, तर मात्र ओळख काहीतरी काम करते आहे असं म्हणायला जागा आहे. आणि किती करते हेही सांगता येईल, कारण प्रत्येक पुस्तकामागे माणसाने सोडलेले रुपये तुमच्यासमोर आहेत.

यात खोट आहे, ती आधीच सांगितलेली बरी. खुणा करणारा दुकानदारच असेल तर ‘फोटो काढून गेले’ची नोंद त्याच्या मूडवर ठरेल, म्हणून काही दिवस गल्ल्याशेजारी स्वतः बसावं लागेल. तीन महिन्यांत पहिल्या प्रकारची पुस्तकं इतकी कमी खपतील की टक्केवारी काढणं हास्यास्पद ठरेल. शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालयांची खरेदी वेगळी काढावी लागेल, ती बिलावर आणि अनुदानावर चालते, त्यात ‘आपलं दुकान’ वगैरे भावना शोधू नयेत. आणि तलासरीसाठी हा आराखडा तसाच चालणार नाही. तिथे दुकानाऐवजी बाजाराच्या दिवशी मांडलेलं एक टेबल हे निरीक्षणाचं एकक घ्यावं लागेल, आणि आठवड्याला एकच दिवस म्हणजे तीन महिन्यांत जेमतेम तेरा निरीक्षणं.

तेरावर काय सिद्ध होणार, असं गाईडनी परवा विचारलंच. मी म्हटलं, सर, सिद्ध काही होणार नाही, पण ८६ चा आकडा टेबलावर चालतो का ते कळेल. टेबलाला भाडं नाही, मदतनीस नाही, न खपलेलं पुस्तक पुढच्या बाजारात परत मांडता येतं. त्यांनी या वेळी समासात काही लिहिलं नाही. पान मात्र दुमडून ठेवलंय.